थ्री-हिंज्ड कमान: C भोवती मोमेंट घेतला की H कटूनच जातो, मग तो काढायचा कसा?

ऋतुजा_स्थापत्य

नमस्कार मंडळी. एका गणितावर अडले आहे. पॅराबोलिक कमान आहे, स्पॅन 24 मीटर, राइज 6 मीटर. दोन्ही टेकू एकाच पातळीवर आणि दोन्हीकडे हिंज, तिसरा हिंज C बरोबर मधोमध क्राउनवर. डाव्या टेकूपासून (A) 6 मीटरवर 80 किलोन्यूटन आणि 16 मीटरवर 60 किलोन्यूटन, असे दोन पॉइंट लोड. रिअ‍ॅक्शन, हॉरिझाँटल थ्रस्ट आणि 80 च्या लोडखालच्या सेक्शनला बेंडिंग मोमेंट विचारला आहे.

उभ्या रिअ‍ॅक्शन निघाल्या. A भोवती मोमेंट घेऊन VB = 60, म्हणून VA = 80. मग C ला हिंज आहे, तिथे मोमेंट शून्य, म्हणून C भोवती सगळ्यांचे मोमेंट घेतले:

```
12·VA − 6·H − 80·6 + 60·4 − 12·VB + 6·H = 0
960 − 480 + 240 − 720 = 0
```

H दोन्हीकडून आला आणि कटून गेला. उरलं 0 = 0. आकडे तर चुकलेले नाहीत. मैत्रीण म्हणते H चा विचारच करू नकोस, मोमेंट 80 × 6 = 480 येतो. पण मग कमान आणि साधा बीम यांत फरक काय राहिला?

---

गणोबा

सोपं आहे. M = μ − H·y हे सूत्र लाव. μ म्हणजे तेवढ्याच स्पॅनच्या साध्या बीमचा मोमेंट. C ला M शून्य, म्हणजे H = μ/6. बीमचा मधला मोमेंट 80×12 − 80×6 = 480. H = 80. संपलं. मैत्रिणीचा 480 म्हणजे बीमचा मोमेंट, कमानीचा नाही.

आणि क्राउनच्या हिंजमधून फक्त आडवं बल जातं, उभं काही नसतं. हे लक्षात ठेवलं तर निम्मी गणितं तोंडी सुटतात.

---

नितीन_प

एवढ्या माहितीवर H निघणार नाही. कमानीचं EI दिलंय का? H साठी स्ट्रेन एनर्जी घ्यावी लागते, वर μ·y चं इंटिग्रेशन आणि खाली y² चं. सेक्शन बदलता असेल तर तेही पाहावं लागेल. प्रश्न अपुरा वाटतो.

---

मीनल_म

नितीन, तुम्ही सांगताय ते टू-हिंज्ड कमानीचं. तिथे एक समीकरण कमी पडतं, म्हणून आकार कसा बदलतो हे बघावं लागतं. इथे शीर्षकातच तिसरा हिंज आहे. चार अज्ञात, तीन समीकरणं समतोलाची आणि चौथं हिंजचं. EI कुठेच लागत नाही.

ऋतुजा, तुझी गाडी कुठे अडली ते नेमकं सांगते. हिंजला मोमेंट शून्य म्हणजे एका बाजूच्या बलांचा मोमेंट शून्य. तू दोन्ही बाजूंची बलं एकाच समीकरणात घातलीस. अख्ख्या कमानीचा मोमेंट कुठल्याही बिंदूभोवती शून्यच येतो, तिथे हिंज असो वा नसो. C ऐवजी हवेतला कुठलाही बिंदू घेतला असतास तरी 0 = 0 च मिळालं असतं, कारण VA आणि VB तू आधीच त्याच समतोलातून काढल्या आहेत. त्यातून नवीन माहिती कशी मिळणार?

आता कमान C ला कापून फक्त डावा अर्धा भाग कागदावर काढ. त्यावर VA, H, 80 चा लोड आणि कापलेल्या ठिकाणची दोन बलं. ती दोन बलं C मधूनच जातात, म्हणून त्यांचा C भोवती मोमेंट नाही.

```
डावा भाग:  80·12 − 80·6 − 6·H = 0   →  H = 80
उजवा भाग: 60·12 − 60·4 − 6·H = 0   →  H = 80
```

दोन्हीकडून सारखाच आला की VA, VB सुद्धा तपासून होतात. माझ्या वर्गात मी उजवी बाजू करायला लावतेच. एका ओळीचं काम आहे, आणि VA काढताना अंतर चुकलेलं असेल तर इथेच पकडलं जातं.

---

ऋतुजा_स्थापत्य

आत्ता कळलं. मी "C ला मोमेंट शून्य" हे वाक्य पाठ केलं होतं, एका बाजूचा हे कुठे डोक्यातच नव्हतं. पुढे:

x = 6 ला y = x(24 − x)/24 = 6×18/24 = 4.5 मीटर.
M = 80×6 − 80×4.5 = 480 − 360 = 120 किलोन्यूटन-मीटर, सॅगिंग.

बरोबर ना?

---

वर्तुळकार

मला 100 येतोय. R = 15 मीटर, केंद्र टेकूंच्या 9 मीटर खाली. x = 6 ला y = √(225 − 36) − 9 = 4.748. M = 480 − 80×4.748 = 100.2. वीसचा फरक का पडतोय?

---

मीनल_म

कारण तुम्ही वर्तुळाचा तुकडा धरलात आणि प्रश्नात पॅराबोला आहे. तुमचं गणित तुमच्या कमानीसाठी चोख आहे.

बरं झालं तुम्ही लिहिलंत, कारण यात बघण्यासारखं काही आहे. तुमचाही H 80 च आला असणार. H ला मधल्या वळणाशी देणंघेणं नाही. तीन हिंज कुठे आहेत आणि लोड कुठे आहेत, एवढंच त्याला कळतं. पण सेक्शनचा मोमेंट म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी, 480 आणि 360. y मध्ये 25 सेंटिमीटर इकडचे तिकडे झाले की उत्तर 20 ने हललं. म्हणून y दोन दशांशांवर गुंडाळून पुढे जाऊ नये. आणि कमान कुठली आहे ते प्रश्नात अधोरेखित करून मगच y काढावा.

---

जुना_ड्राफ्ट्समन

चर्चा रंगलीय म्हणून लिहितो. या गणितातले आकडे ज्याने निवडले त्याने फार सुरेख निवडलेत. ते चित्रात बघायला हवेत, सूत्रात ती गंमत दिसत नाही.

आलेखाचा कागद घ्या. कमान काढा. A ला रिअ‍ॅक्शन 80 वर आणि 80 आत, म्हणजे ती बरोबर 45 अंशात तिरकी, सुमारे 113 किलोन्यूटन. A पासून त्या दिशेने सरळ रेषा ओढा. x = 6 ला ती 6 मीटर उंचीवर पोचते. तिथे 80 चा लोड खाली येतो आणि रेषेतला उभा भाग नेमका खाऊन टाकतो. पुढे रेषा आडवी होते. आडवीच C मधून जाते, कारण C पण 6 मीटरवर आहे. x = 16 ला 60 चा लोड भेटतो, तिथून ती 60/80 च्या उतारावर वळते आणि उरलेल्या 8 मीटरांत बरोबर 6 मीटर उतरून B ला पोचते.

ही झाली थ्रस्टची रेषा. सेक्शनला मोमेंट म्हणजे H गुणिले ही रेषा आणि कमान यांच्यातलं उभं अंतर. बस. x = 6 ला रेषा 6 वर, कमान 4.5 वर, अंतर 1.5, गुणिले 80 बरोबर 120. x = 16 ला रेषा 6 वर, कमान 5.33 वर, मोमेंट 53.3. रेषा कमानीच्या वर असली की सॅगिंग, ताण आतल्या म्हणजे खालच्या कडेला.

आता B कडून 3 मीटर आत या. रेषा 2.25 वर, कमान 2.625 वर. इथे रेषा कमानीच्या खाली गेली. मोमेंट 80 × 0.375 = 30, पण हॉगिंग, ताण वरच्या कडेला. फक्त लोडखालचे दोन सेक्शन तपासणाऱ्याला हा उलटा मोमेंट दिसतच नाही. B पासून 6 मीटरवर रेषा कमानीला छेदते, तिथे मोमेंट शून्य, आणि तिथे हिंज वगैरे काही नाही.

गणोबा, क्राउनच्या हिंजमधून फक्त आडवं बल जातं हे या गणितात खरं आहे. VA = 80 आणि डाव्या बाजूचा लोडही 80, म्हणून उभं काही उरलं नाही. हा योगायोग आहे, नियम नाही. कमान आणि लोड दोन्ही सममित असले तरच तसं हमखास होतं.

---

गणोबा

ठीक, पण परीक्षेत सममित लोडच जास्त वेळा येतात. आणि M = μ − H·y सूत्रावर तुम्हीही आलातच की, फक्त चित्रातून.

---

जुना_ड्राफ्ट्समन

आलोच. सूत्र बरोबरच आहे, फक्त टेकू एका पातळीवर आणि लोड उभे असतील तोपर्यंत. वाऱ्याचा आडवा लोड आला की दोन टोकांचे H वेगळे होतात, मग कुठला H घालणार?

आता ऋतुजासाठी एक प्रश्न. 60 चा लोड काढून टाक, फक्त 80 ठेव. x = 6 चा मोमेंट वाढेल की कमी होईल? आधी अंदाज लिही, मग आकडे.

---

ऋतुजा_स्थापत्य

अंदाज: कमी होईल, लोड कमी झाला म्हणून.

आकडे: VB = 80×6/24 = 20, VA = 60. उजव्या अर्ध्यावरून H = 20×12/6 = 40. M = 60×6 − 40×4.5 = 360 − 180 = 180?? तीनदा तपासलं. डावीकडूनही H 40 च येतो. लोड काढला आणि मोमेंट 120 चा 180 झाला!

---

जुना_ड्राफ्ट्समन

तेच दाखवायचं होतं. 60 चा लोड एकटा ठेवलास तर VA = 20, H = 40, आणि x = 6 ला M = 120 − 180 = −60. म्हणजे उजवीकडचा लोड डावीकडे हॉगिंग आणतो, आणि 80 च्या सॅगिंगमधले 60 खाऊन टाकतो. 180 − 60 = 120, तुझं पहिलं उत्तर.

रेषेच्या भाषेत: एकटा 80 असताना उजव्या अर्ध्यावर लोडच नाही. त्या भागावर फक्त दोन टोकांना बलं, B ला आणि C ला. म्हणून B ची रिअ‍ॅक्शन B-C या सरळ रेषेतच असली पाहिजे. ती रेषा C च्या पुढे तशीच वाढवली की x = 6 ला 9 मीटर उंचीवर जाते. कमान 4.5 वर. अंतर 4.5 गुणिले H 40, झाले 180. उजवीकडे तीच रेषा कमानीच्या पोटाखालून जाते, x = 18 ला दीड मीटर खाली, म्हणून तिथे 60 हॉगिंग. लोड नसलेल्या अर्ध्या भागात!

म्हणून कमानीच्या डिझाइनमध्ये सगळे लोड एकदम लावून एकच गणित केलं की झालं, असं नसतं. कमानीला वाईट एकतर्फी लोड. सगळीकडून सारखा दाबलात तर ती खुशाल उभी राहते.

---

गणोबा

म्हणजे सर्वात वाईट जागा पाव स्पॅन, 6 मीटरवर. हे मला माहीत होतं.

---

मीनल_म

जवळपास. अर्ध्या स्पॅनवर पसरलेला लोड असेल तर पॅराबोलिक कमानीत सगळ्यात मोठा मोमेंट बरोबर पाव स्पॅनवर येतो. पण एकच पॉइंट लोड सरकवत नेला तर लोडखालचा मोमेंट W·x(L−x)(L−2x)/L² असा बदलतो, आणि तो सर्वांत मोठा होतो x = 0.211L ला. इथे 5.07 मीटर. तिथे 80 चा लोड ठेवला तर सुमारे 185 येतो, 6 मीटरवर 180. फरक फार नाही, पण उत्तरात "पाव स्पॅन" लिहिलंत आणि प्रश्न सरकत्या पॉइंट लोडचा असेल तर गुण जातील.

स्वित्झर्लंडमधला साल्गिनाटोबेल पूल हे याचं बघण्यासारखं उदाहरण आहे. रॉबर्ट मायारचा, 1930 चा, 90 मीटर स्पॅनची थ्री-हिंज्ड काँक्रीट कमान. बाजूने फोटो पाहिला तर टेकूंपाशी आणि क्राउनला ती बारीक दिसते, आणि दोन्ही बाजूंना पाव स्पॅनच्या आसपास जाड. हिंजपाशी मोमेंट शून्य, मध्ये एकतर्फी लोडचा मोमेंट. आपण वर आकड्यांत पाहिलं तेच तिथे काँक्रीटमध्ये आहे.

---

शेडवाला

विषय निघालाच आहे तर माझं विचारतो. कमान नाही, शेडची फ्रेम आहे. दोन्ही बाजूंना सरळ तिरके रॅफ्टर, तळाला पिन, वर शिखराला पिन. एका बाजूला कातळ वर लागला म्हणून डावं फूटिंग उजव्यापेक्षा वर घेतलं. डिझाइन करणाऱ्याने दोन्ही फूटिंग एका पातळीवर धरलेत असं कागद बघून वाटतं. फार फरक पडतो का? आणि शिखर थोडं खाली आल्यासारखं वाटतंय, माझा भास असू शकतो.

---

नितीन_प

तापमानाने झालं असेल. पण थ्री-हिंज्डला तापमानाचा काही परिणाम नसतो म्हणतात, तर मग तेही नाही.

---

जुना_ड्राफ्ट्समन

नितीन, तापमानाने आतले मोमेंट तयार होत नाहीत हे खरं, कारण फ्रेम मोकळेपणी शिखराला वरखाली होऊ शकते. पण शिखर हलतं तर खरंच. "परिणाम नाही" म्हणजे काही हलतच नाही, असं नव्हे.

शेडवाले, आधी पहिला प्रश्न. वाकडी कमान असो की सरळ रॅफ्टर, H ला फरक पडत नाही हे मीनलताईंनी वर सांगितलंच. पण टेकू वरखाली असले की फरक पडतो. तुमचे लोड मला माहीत नाहीत, म्हणून ऋतुजाचेच आकडे घेतो. A ला B पेक्षा 2 मीटर वर उचलू. शिखर B पासून 6 मीटर, म्हणजे A पासून 4 मीटर वर. आता B भोवती मोमेंट घेताना A चा H सुद्धा मोमेंट देतो, कारण तो B च्या पातळीत नाही. VA एकट्याने निघत नाही, दोन समीकरणं जोडीने सोडवावी लागतात:

```
B भोवती सगळी फ्रेम:  24·VA + 2·H = 80·18 + 60·8 = 1920
C भोवती डावा भाग:    12·VA − 4·H = 80·6 = 480
→ H = 96, VA = 72, VB = 68
```

ताळा: उजवा भाग, 68×12 − 60×4 − 96×6 = 816 − 240 − 576 = 0.

H 80 चा 96 झाला. पाचवा हिस्सा वाढला, आणि तो सगळा फूटिंगला बाहेर ढकलणारा. तुमच्या पातळीतला फरक किती हे मोजून कळवा. हाताच्या उंचीइतका असेल तर विषय वेगळा, गुडघ्याइतका असेल तर वेगळा.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. शिखर खाली येण्याचं पहिलं संशयित कारण म्हणजे तळ बाहेर सरकणं. रॅफ्टर लांबीला बदलत नाहीत, म्हणून तळ पसरले की शिखर उतरतं. 24 मीटर स्पॅन आणि 6 मीटर राइजच्या फ्रेममध्ये दोन्ही तळ 5-5 सेंटिमीटर बाहेर गेले तर शिखर सुमारे 10 सेंटिमीटर उतरतं. राइज कमी म्हणून H जेमतेम दोन टक्क्यांनी वाढतो. H च्या वाढीने काही कोसळत नाही, पण तळ सरकतोय म्हणजे माती किंवा टाय H घेत नाहीये, ही खरी गोष्ट. टेपने तळापासून तळापर्यंत अंतर मोजा, ड्रॉइंगशी ताडा, आणि फूटिंगच्या आतल्या बाजूला मातीत किंवा फरशीत फट दिसते का बघा. फट असेल तर स्थानिक स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर बोलवा. इथे लिहून ते सुटणार नाही.

---

शेडवाला

पातळीतला फरक कमरेइतका आहे. फट बघून सांगतो, आत माल रचलाय तो हलवावा लागेल. टाय मात्र नाही, एवढं नक्की.

---

जुना_ड्राफ्ट्समन

टाय नाही आणि कमरेइतका फरक, तर माल आजच हलवा. आणि टाय नंतर घालायचा झाला तर तो तळापासून तळापर्यंत तिरका येईल, आडवा नाही. तिरक्या टायमधलं बल H पेक्षा थोडं जास्त असतं आणि त्याचा उभा भाग एका टेकूवर भर घालतो. हे ज्याला बोलवाल त्याला विचारा.

---

वर्तुळकार

थोडं मागे जातो. काका, थ्रस्टच्या रेषेवरून एक शंका. माझ्या वर्तुळाच्या कमानीतही लोड तेच, हिंज तेच, म्हणजे रेषाही तीच ना?

---

जुना_ड्राफ्ट्समन

तीच. म्हणूनच x = 6 ला 80 × (6 − 4.748) = 100.2, तुमचं उत्तर. एकदा रेषा काढली की तिच्याखाली कुठलीही कमान सरकवून बघता येते. पॉइंट लोडसाठी रेषा नेहमी सरळ तुकड्यांची असते, म्हणून गुळगुळीत कमान तिच्याशी पूर्ण जुळणं शक्यच नाही. कुठेतरी मोमेंट राहणारच.

---

ऋतुजा_स्थापत्य

मी 60 चा लोड 16 वरून 18 ला सरकवून पाहिला. VB = (480 + 1080)/24 = 65, VA = 75. डावीकडून H = (900 − 480)/6 = 70, उजवीकडून (780 − 360)/6 = 70. x = 6 ला M = 450 − 315 = 135. x = 18 ला 390 − 315 = 75.

यावेळी क्राउनमध्ये VA − 80 = −5, म्हणजे उभं बल आहे. रेषा x = 6 ला 6.43 वर पोचते आणि तिथून किंचित उतरत C मधून 6 वर जाते. चित्र काढलं, जुळलं.

एक राहिलं. उत्तरपत्रिकेत मोमेंटचा आलेख कमानीच्या वळणावर काढायचा की आडव्या पायारेषेवर?

---

गणोबा

आडव्या पायारेषेवर. μ चा त्रिकोण-चौकोन काढ, त्यावर H·y चा पॅराबोला चढव, मधला फरक रंगव.

---

मीनल_म

मी वळणावर काढायला सांगते, कारण ताण कुठल्या कडेला आहे ते तिथेच दिसतं. गणोबांची पद्धत झटपट आहे हे मान्य. पण वरखाली टेकू आले की तो H·y चा पॅराबोला कशावर चढवायचा यात मुलं गोंधळतात. तपासणारे दोन्ही स्वीकारतात, खुणा आणि आकडे लिहिलेले हवेत.

---

गणोबा

वरखाली टेकूंना y हा A-B जोडणाऱ्या तिरक्या रेषेपासून मोजायचा, गोंधळ कसला?

---

जुना_ड्राफ्ट्समन

तसा चालतो, उभा मोजला तर. H मात्र आडवाच घटक घ्यायचा, तिरक्या रेषेतला नाही. वरच्या उदाहरणात करून बघा: A-B रेषेपासून C ची उभी उंची 5, बीमचा मधला मोमेंट 480, H = 480/5 = 96. जुळतं.

माझी स्वतःची एक शंका इथे टाकून ठेवतो, कोणी काम केलं असेल तर लिहा. राइज स्पॅनच्या दहाव्या-बाराव्या हिश्शाइतका कमी असलेल्या थ्री-हिंज्ड कमानीत क्राउन थोडा उतरला तरी H लक्षात येण्याइतका वाढतो, वाढलेल्या H ने तो आणखी उतरतो. मूळ राइज धरून केलेलं हे साधं गणित कुठल्या राइजपर्यंत पुरेसं मानायचं? मी पूर्वी अंदाजाने एक हद्द धरत आलोय, तिच्यामागे गणित काय ते कुणी मांडलं तर हवं आहे.

---

शेडवाला

माल हलवला. डाव्या फूटिंगच्या आत फरशीला बोटभर फट आहे, उजवीकडे नाही. इंजिनिअर उद्या येतायत.